पियानो शिकण्याबाबत

कोथरूड, पुणे
७ जून

आदरणीय डिसोझा मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मैत्रिणीची मुलगी तुमच्याकडे पियानो शिकते. तिच्या आईकडून कळलं, की तुम्ही मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांनाही घेता. म्हणून हे पत्र. माझं वय ४६. मी एका बँकेच्या डेक्कनवरच्या शाखेत अधिकारी आहे.

मी पियानोत नवखी असले तरी पेटीत नाही. शाळेत असताना साताऱ्याला पेटी शिकले, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या. नंतर बरीच वर्षं आमच्या भजनी मंडळाला साथ केली, अजूनही करते. त्यामुळे ऐकलेली चाल पट्टीवर काढणं, गायकाने पट्टी बदलली की पांढरी चारवरून काळी पाचवर जाणं, लय धरून ठेवणं, एवढं जमतं. मागच्या वर्षी ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि एका प्राथमिक पुस्तकावरून स्वतःच सुरुवात केली.

पेटीचा हा सराव पियानोवर कुठे उपयोगी पडतो आणि कुठे आड येतो, हे तुम्हाला आधीच सांगावंसं वाटतं. पेटी वाजवताना माझा डावा हात कायम भात्यावर. त्याने सूर कधी वाजवलेलाच नाही, त्यामुळे दोन्ही हात एकत्र आले की तो उजव्याच्या मागे फरफटतो. दुसरं म्हणजे पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याच्या हवेने. पियानोत ते सगळं पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर, आणि सूर वाजला की लगेच विरायला लागतो. माझी बोटं मात्र अजून पट्टी दाबून सूर लांबवायला बघतात. तिसरं, नोटेशन. आमचा सा कुठेही बसतो. स्टाफवर मात्र प्रत्येक ओळीची पट्टी ठरलेली. ट्रेबल क्लेफ मी सावकाश का होईना वाचते, बेस क्लेफ अक्षर लावून वाचावा लागतो. पेडल अजून वापरलेलंच नाही, कारण चुकीची सवय लावून घ्यायची नव्हती.

आता मला काय हवं आहे ते. रागसंगीतात एका सुराची दुसऱ्या सुराशी असलेली ओढ मला कळते. पण वरचा सूर तोच ठेवून खालचे स्वर बदलले की त्याच सुराचा रंग बदलतो, हे मला शोपाँच्या इ मायनर प्रिल्यूडमध्ये (ओपस २८ मधलं चौथं) पहिल्यांदा नीट ऐकू आलं. उजवा हात किती तरी वेळ दोनच सुरांवर ये-जा करतो आणि डाव्या हातातले कॉर्ड्स एकेक सूर करत खाली उतरत राहतात. हे मला माझ्या हातांनी वाजवायचं आहे, आणि ते तसं का होतं हेही समजून घ्यायचं आहे. म्हणजे वादनाबरोबर थोडी हार्मनी शिकवलीत तर फार आनंद होईल. त्याआधी पायरी म्हणून काय घ्यायचं, हे तुम्हीच ठरवा. सध्या पेट्सोल्डचा जी मेजरमधला मिन्युएट एकेका हाताने येतो. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षांची मला घाई नाही. पण शिस्त म्हणून एखादी द्यावी असं तुम्हाला वाटलं तर देईन.

वेळेचं असं आहे: मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसातनंतर मी कॅम्पात पोहोचू शकते. रविवारी सकाळी साडेअकरापर्यंत मोकळी असते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुटी असते, तेव्हा कुठलीही वेळ चालेल. आठवड्यातून एक तास ठरवावा आणि शक्यतो मंगळवार, असं माझ्या मनात आहे. शुक्रवारी भजन असतं, तो दिवस मात्र सोडता येणार नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिशेबाचं काम असतं, त्या दोन वेळा तास पुढे ढकलावा लागेल. तसं आधी कळवीन. घरी रोज पहाटे पावणेसहा ते साडेसहा हेडफोन लावून रियाज होतो. ती वेळ मी कुणाला देत नाही.

तुमच्याकडून काही गोष्टी कळल्या तर बरं. फी किती आणि ती महिन्याला की तासाला? तास तुमच्या अकूस्टिक पियानोवर होईल का? माझ्या डिजिटलवर स्पर्शाचा अंदाज किती खरा येतो, ही मला मोठी शंका आहे. आणि सुरुवातीला हात, बसणं, मनगट हे सगळं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं तर माझी पूर्ण तयारी आहे. पेटीला मांडी घालून बसायची सवय असल्यामुळे बाकावर माझे खांदे वर चढतात, हे मला आरशात दिसतं.

एकदा अर्धा तास भेटून माझे हात बघितलेत तर तुम्हालाही ठरवणं सोपं जाईल. येत्या मंगळवारी, १० तारखेला, पावणेआठला येऊ का? त्या भेटीची फी मी देईन. ती वेळ सोयीची नसेल तर रविवारी १५ तारखेला सकाळी केव्हाही येते.

आपली,
सुनीता कुलकर्णी