खातेअंतर्गत चौकशीचे कामकाज : बैठक दुसरी

स्थळ : टेरी टॉवेल कारखान्याचे कार्यालय, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
दिनांक : 17 ऑक्टोबर 2024, गुरुवार. सुरुवात सकाळी 11.10.

उपस्थित : चौकशी अधिकारी (मी, कारखान्याच्या नोकरीत नसलेला वकील), व्यवस्थापन प्रतिनिधी, आरोपित कामगार (तिकीट क्र. 118, माग खाते), त्यांचे बचाव प्रतिनिधी (युनियनचे पदाधिकारी) आणि लेखनिक. नावे व सह्या हजेरीपत्रकात आहेत. या कागदात सर्वांचा उल्लेख पदाने किंवा तिकीट क्रमांकाने केला आहे.

आरोपपत्र पहिल्या बैठकीत वाचून दाखवले होते. आज पुन्हा थोडक्यात सांगितले : (1) 21 सप्टेंबर 2024 च्या रात्रपाळीत माग क्र. 14 परवानगीशिवाय सुमारे 40 मिनिटे बंद ठेवला व चालू करण्याचा आदेश मानला नाही. (2) पाळीच्या सुपरवायझरला अपशब्द वापरले व ढकलले. कामगाराने दोन्ही आरोप नाकारले. पहिल्या आरोपाबद्दल ते म्हणाले, "माग मीच बंद केला, ते नाकारत नाही. का केला, ते ऐकून घ्या." हे वाक्य त्यांच्या शब्दांत ठेवले आहे, कारण ‘आरोप नाकारला’ एवढेच लिहिले तर त्यांचे अर्धेच म्हणणे कागदावर राहते.

सुरुवातीलाच बचाव प्रतिनिधींनी सांगितले की 23 सप्टेंबरपासून निलंबन आहे, पण निर्वाह भत्त्याचा एक रुपयाही मिळालेला नाही. व्यवस्थापन प्रतिनिधी म्हणाले, "बिल अकाउंट्सकडे आहे." पहिल्या 90 दिवसांसाठी निम्मे वेतन देय आहे, याबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही. आदेश : आजपर्यंतचा भत्ता पुढील तारखेपूर्वी द्यावा व पावती चौकशीत हजर करावी. कामगाराला मी विचारले, भत्ता मिळेपर्यंत आजचे कामकाज थांबवायचे का? "साक्षीदार आलेत, होऊ द्या," असे ते म्हणाले. त्यांच्या संमतीने कामकाज पुढे चालू केले.

साक्षीदार क्र. 1 : पाळीचे सुपरवायझर

सरतपासात त्यांनी सांगितले : रात्री साधारण एक वाजून वीस मिनिटांनी 14 नंबरचा माग बंद दिसला. कामगार बाजूला बाकावर बसला होता. माग चालू कर म्हटल्यावर तो उठला, मोठ्याने बोलू लागला, शिवीगाळ केली आणि मला ढकलले.

मी विचारले, नेमके कोणते शब्द वापरले? साक्षीदार थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "‘तू कोण सांगणारा, माग तुझ्या बापाचा आहे का बे,’ असं म्हणाला." ‘ढकलले’ म्हणजे काय, हे विचारल्यावर त्यांनी उजवा तळवा स्वतःच्या छातीवर टेकवून दाखवला. आपण पडलो नाही, एक पाऊल मागे गेलो, असे सांगितले. डॉक्टरकडे गेले नाहीत.

बचाव प्रतिनिधींचा उलटतपास. मुद्द्याची प्रश्नोत्तरे जशीच्या तशी :

प्र. : माग का बंद आहे, हे तुम्ही विचारलं?
उ. : आधी चालू कर म्हटलं.
प्र. : म्हणजे विचारलं नाही.
उ. : नाही विचारलं.
प्र. : ताण्याची तार तुटूनही माग थांबत नव्हता, ड्रॉपरची पट्टी खराब होती, हे तुम्हाला माहीत होतं?
उ. : त्या रात्री माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जॉबरने सांगितलं.
प्र. : डागी मालाचे पैसे कामगाराच्या पगारातून कापले जातात का?
व्यवस्थापन प्रतिनिधींची हरकत : प्रश्न आरोपाशी संबंधित नाही. हरकत फेटाळली. माग बंद करण्यामागचे कारण हा पहिल्या आरोपाच्या बचावाचा गाभा आहे.
उ. : कापले जातात. किती, ते अकाउंट्स ठरवतं.
प्र. : ‘बे’ आधी कोण म्हणालं?
उ. : सोलापुरात सगळेच म्हणतात. मीही म्हणालो असेन.

शेवटच्या उत्तरावर कामगार हसले. लेखनिकाने इथे ‘आरोपित उद्धटपणे हसला’ असे लिहिले होते. ‘उद्धटपणे’ हा शब्द मी एका रेघेने खोडायला लावला व शेजारी सही केली. हसले, एवढेच दिसले. खोडलेला शब्द वाचता येतो, तो तसाच ठेवावा.

दुपारी 1.30 ते 2.10 जेवणाची सुट्टी. या वेळेत दोन्ही पक्षांपैकी कोणीही माझ्याशी प्रकरणाबद्दल बोलले नाही.

साक्षीदार क्र. 2 : कांडी खात्यातील कामगार

यांनी तेलुगूत साक्ष देणार असे सांगितले. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या पॅकिंग खात्यातील कामगाराने मराठी केले. प्रत्येक उत्तर लिहिल्यावर ते साक्षीदाराला पुन्हा तेलुगूत सांगून कबूल करून घेतले.

ते घटनास्थळापासून ‘तीन माग सोडून’ उभे होते. 14 नंबर बंद होता, बाकीचे चालू होते. "तू कोण सांगणारा" एवढे ऐकू आले, पुढचे आवाजात ऐकू आले नाही. हात लागताना पाहिला का? "दोघं जवळ होते. साहेब मागं सरकले ते पाहिलं. हात पाहिला नाही." व्यवस्थापन प्रतिनिधींनी पुन्हा विचारले, उत्तर तेच. तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारू दिला नाही.

दोन साक्षींमधला हा फरक इथे फक्त नोंदवत आहे. कोणावर विश्वास ठेवायचा, हे निष्कर्षाच्या अहवालात येईल, या कागदात नाही.

कागदपत्रांची मागणी

बचाव पक्षाने 15 ते 22 सप्टेंबरचे ब्रेकडाऊन रजिस्टर मागितले. कामगाराचे म्हणणे असे की रात्री अकराच्या सुमारास त्यांनी जॉबरला बिघाड सांगितला होता व तशी नोंद झाली होती. व्यवस्थापन प्रतिनिधी : रजिस्टर जुने आहे, शोधावे लागेल. महिन्याभरापूर्वीचे रजिस्टर शोधायला वेळ लागू शकतो, पण ते नाही असे कोणी म्हणालेले नाही. आदेश : 24 ऑक्टोबरपर्यंत मूळ रजिस्टर दाखवावे व संबंधित पानांची प्रत बचाव पक्षाला द्यावी. न दिल्यास कारण लेखी सांगावे. जॉबरला साक्षीदार म्हणून बोलावण्याची बचाव पक्षाची विनंती मान्य.

पगारकपातीबद्दल कामगाराने लेखी तक्रार दिली. ती आरोपपत्राचा भाग नाही, त्यामुळे तिच्यावर इथे निर्णय होणार नाही. पण ती मिळाल्याची नोंद घेतली व प्रत कारखान्याच्या तक्रार निवारण समितीकडे पाठवण्यास व्यवस्थापन प्रतिनिधींना सांगितले. त्यांनी प्रत स्वीकारली.

वाचन व दुरुस्ती

कामकाज मराठीत वाचून दाखवले. साक्षीदार क्र. 2 चा भाग तेलुगूतही सांगितला. कामगाराने एक दुरुस्ती सुचवली : त्यांच्या लेखी उत्तराच्या सारांशात ‘आरडाओरडा केला’ आहे, त्यांनी ‘शेडमध्ये मोठ्याने बोलावंच लागतं, तसा बोललो’ असे लिहिले होते. मूळ उत्तर पाहिले, दुरुस्ती बरोबर आहे. सारांशात त्यांचे शब्द घातले. सुपरवायझर दुरुस्ती नको म्हणाले, पण ‘मीही म्हणालो असेन’ हे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. वाचले. "असू द्या," म्हणाले.

दोन्ही पक्षांना प्रत्येकी एक प्रत जागेवरच दिली. प्रत्येक पानावर सह्या घेतल्या. साक्षीदार क्र. 2 यांनी तेलुगूत सही केली.

पुढील बैठक : 28 ऑक्टोबर 2024, सोमवार, सकाळी 11 वाजता, याच ठिकाणी. जॉबरची साक्ष, त्यानंतर कामगाराचा जबाब. त्या दिवशी कामगाराला रात्रपाळीच्या हजेरीची अडचण नाही, कारण ते निलंबित आहेत. जॉबरला मात्र 27 तारखेची रात्रपाळी लावू नये, असे व्यवस्थापनाला सांगितले.

कामकाज दुपारी 4.25 वाजता संपले.