पगाराबद्दल बोलायचं होतं, सर

सर, नमस्कार.

एप्रिलच्या पगारवाढीची यादी या महिनाअखेरीस वर जाते, म्हणून आत्ताच लिहितेय. माझा पगार सध्या 38,000 आहे. तो एप्रिलपासून 46,000 व्हावा, अशी माझी मागणी आहे.

खरं तर आधी भलामोठा मेल लिहून ठेवला होता. त्यात माझी निष्ठा, चिकाटी, कंपनीच्या वाटचालीतला माझा खारीचा वाटा, सगळं होतं. वाचून बघितलं तर निरोप समारंभातलं भाषण वाटायला लागलं. तुम्ही रोज माझं काम समोर बघता, तुम्हाला हे कशाला ऐकवायचं? तो मेल पुसून टाकला.

मुद्दा असा की 38,000 ठरले तेव्हा माझ्याकडे फक्त न्हावा शेवाचं इम्पोर्ट होतं. ऑगस्टमध्ये निलेश गेला आणि सहारचं एअरही माझ्याकडे आलं. "नवा माणूस येईपर्यंत सांभाळ," असं तुम्ही म्हणाला होतात. माणूस आला नाही, आणि काम अडत नाही म्हटल्यावर त्याचा विषयही मागे पडला. सीची महिन्याला साधारण 60 बिल ऑफ एंट्री मी आधीही भरत होते, आता वर एअरची 25-30 आहेत. आकडा लहान दिसतो, पण एअरचा माल रात्री उतरतो आणि पार्टीला तो सकाळी हातात हवा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. तक्रार नाही ही. एअरचं काम मला आवडतं, ते माझ्याकडेच राहावं असंही वाटतं. फक्त पगार अजून एकाच टेबलाचा आहे.

एक उदाहरण देते. जानेवारीत भिवंडीच्या केमिकलवाल्यांचं कंटेनर होतं. आपल्या फाइलमध्ये जहाज मंगळवारी लागणार असं होतं. शनिवारी दुपारी निघता निघता लाइनच्या वेबसाइटवर बघितलं तर तारीख रविवारची झालेली. म्हणजे बिल त्याच रात्री बाराच्या आत जायला हवं होतं. त्यात इन्व्हॉइसमध्ये ड्रम 80 आणि पॅकिंग लिस्टमध्ये 78! पार्टीचे अकाउंटंट लग्नाला गेलेले. त्यांना मांडवातूनच सप्लायरला फोन करायला लावला, दुरुस्त पॅकिंग लिस्ट मागवली आणि अकराच्या सुमाराला बिल आइसगेटवर टाकलं. नाहीतर पहिले तीन दिवस रोज 5,000, पुढे रोज 10,000 लेट फी, शिवाय सीएफएसचं भाडं वेगळं. पार्टीने ते आपल्याच माथी मारलं असतं.

ऑगस्टपासून माझ्या बिलांवर लेट फी एकदाच बसली, नोव्हेंबरमध्ये. तेव्हा पार्टीनेच कागद उशिरा दिले होते, आणि ती त्यांनी भरली. डिसेंबरमध्ये माझं जी कार्डही झालं, त्यामुळे तुम्ही बाहेर असलात तरी सहीसाठी फाइल थांबत नाही.

46 कुठून आले, तेही सांगते. सी आणि एअर दोन्ही बघणाऱ्या माझ्या ओळखीच्या दोघी आहेत, एक अंधेरीत, एक बॅलार्ड पिअरला. दोघीही 45 ते 50 च्या दरम्यान आहेत. मी कुठे अर्ज केलेला नाही, खिशात दुसरी ऑफर ठेवूनही बोलत नाहीये. घरभाडं, डोंबिवलीची गर्दी वगैरे यात आणत नाही, ते ऑफिसात सगळ्यांनाच आहे.

एकदम 8,000 वाढवणं वरून मंजूर होणार नसेल, तर एप्रिलला 42,000 आणि ऑक्टोबरपासून 46,000 असंही मला चालेल. पण मग ऑक्टोबरचं एप्रिलच्याच पत्रात लिहून द्यावं. गेल्या वर्षी "दिवाळीनंतर बघू" झालं होतं आणि दिवाळीनंतर दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. आणि बजेटमध्ये काहीच बसत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही. तेव्हा एअरला माणूस कधी मिळेल, एवढं मात्र ठरवावं लागेल.

गुरुवारी चारनंतर तुम्ही जरा मोकळे असता. तेव्हा पंधरा मिनिटं बसू या का? केबिनमध्येच बसू, कॅन्टीनमध्ये नको, तिथे अर्धं ऑफिस कान देऊन असतं. ऑगस्टपासूनच्या बिलांची पार्टीवार यादी एक्सेलमध्ये सोबत जोडलीय, सी आणि एअर वेगवेगळ्या शीटवर आहे. वर बोलताना तुम्हाला लागेल म्हणून लेट फीचा कॉलमही टाकलाय.

प्राजक्ता