भाडेकरार एका वर्षासाठीच का करायचा, याबद्दल

नाशिक, 20 एप्रिल 2026

ती. देशपांडे काका,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तीन वर्षांचा करार स्वस्त पडत असताना एकाच वर्षाचा का?" तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि मला धड सांगता आलं नाही. म्हणून नीट लिहून कळवते. नाहीतर घर सोडायच्या बेतात आहोत असा तुमचा समज व्हायचा. तसं काहीही नाही.

तुमचे दोन्ही पर्याय आम्ही वही घेऊन मांडून पाहिले. तीन वर्षांचा केला तर पहिल्या वर्षी महिना 16,000 आणि दरवर्षी पाच टक्के वाढ. एका वर्षाचा केला तर सरळ 17,000. म्हणजे यंदा आम्हाला 12,000 जास्त पडणार, हे डोळ्यांसमोर ठेवूनच एका वर्षाचा पर्याय घेतोय. दर वाजवी आहे, त्यात घासाघीस करायची नाही.

अडचण भाड्याची नाही, लॉक-इनची आहे. तीन वर्षांच्या मसुद्यात दोन वर्षांचा लॉक-इन आहे. त्याआधी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. वर्षभरानं निघायची वेळ आली, तर दुसऱ्या वर्षाच्या 16,800 प्रमाणे बारा महिन्यांचे 2,01,600 रुपये अंगावर येतात. बारा हजार वाचवायला दोन लाखांची जोखीम घेणं आमच्या पगारात बसत नाही. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही घातली असती.

आता वर्षभरानं निघायची वेळ का येईल, ते सांगते. यांचं खातं सातपूरहून दिंडोरीच्या बाजूला हलवायचं कंपनीत घाटतंय. लेखी काही आलेलं नाही, पण मशिनं कुठली न्यायची याच्या याद्या सुरू झाल्यात. इंदिरानगरहून रोज तिकडे जायचं म्हणजे आधी अख्खं शहर ओलांडायचं, त्यात द्वारकेला सिग्नलवर अर्धा तास गेला की शिफ्ट हुकलीच. तसं झालं तर पंचवटी किंवा म्हसरूळकडे घर बघावं लागेल.

पण यंदा कंपनी हलली तरी आम्ही हलणार नाही. सई जूनपासून दहावीत जातेय. शाळा, क्लास, मैत्रिणी सगळं पायी अंतरावर आहे, आणि बोर्डाच्या वर्षात तिला उठवून दुसरीकडे नेणं मला पटत नाही. तोवर हे धावपळ करतील. म्हणून 1 जून 2026 ते 31 मे 2027 हे वर्ष तुमच्या घरात पक्कं. पुढचं तिचं अकरावीचं कॉलेज आणि यांची कंपनी बघूनच ठरेल.

दरवर्षी नोंदणीचा खर्च आणि कटकट, हा तुमचा मुद्दा रास्त आहे. हिशोब केला. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटच्या 50,000 वरचं दहा टक्के व्याज धरतात. म्हणजे एका वर्षाला साधारण 520 रुपये, वर 1,000 नोंदणी फी. तीन वर्षं असंच केलं तरी एकदम केलेल्या करारापेक्षा दोनेक हजारच जास्त जातात, एजंटचे पैसे वेगळे. हा सगळा खर्च आम्ही करू. नोंदणी ऑनलाइन होते, त्यामुळे तुम्हाला पुण्याहून यायला नको. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस तुमच्या घरी येईल अशी सोय करते. काकूंचाही अंगठा लागेल, घर दोघांच्या नावावर आहे ना?

यात तुमचं नुकसान होतंय असं मला वाटत नाही. सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये आहेत. आम्ही निघालोच तर त्याच्या आधी घर तुमच्या हातात येईल आणि तेव्हाच्या दरानं देता येईल. राहिलो तर नवं भाडं तेव्हा बोलू. फक्त कुंभाच्या दोन महिन्यांचा भाव आम्हाला बारा महिने लावू नका, एवढी आत्ताच विनंती!

राहणार की नाही ते 31 मार्च 2027 पर्यंत लेखी कळवू, म्हणजे तुम्हाला नवा भाडेकरू बघायला दोन महिने मिळतील. मसुद्यात लॉक-इन अकरा महिन्यांचा आणि त्यानंतर दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस, असं लिहायला आमची हरकत नाही. डिपॉझिट आहे तेच पुढे चालू ठेवावं.

एक काम मात्र पावसाआधी व्हायला हवं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ओल परत वर चढलीय, ओट्याच्या कडेचा गिलावा बोट लावला की सुटतो. बाहेरून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय आतला रंग टिकणार नाही. मिस्त्री रविवारी बघून जाईल, त्याचा अंदाज फोटोसकट व्हॉट्सॲपवर पाठवते.

मसुदा मान्य असेल तर 10 मेच्या आत कळवावं, म्हणजे जुना करार संपायच्या आत नोंदणी उरकेल. पोलीस ठाण्यात द्यायची भाडेकरूची माहितीही त्याच वेळी नव्यानं भरू.

काकूंना नमस्कार.

आपली,
मेघना जाधव