मागच्या आवारातल्या मानकुरादबाबत

फोंडा, २८ मार्च

चेअरमन, सेक्रेटरी आणि दोन्ही विंगांतील सर्व शेजाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मानकुरादला यंदा चांगले फळ धरले आहे. गेल्या वर्षी त्याने हात आखडता घेतला होता, तरी भांडणे झालीच. यंदा फळ जास्त म्हणजे भांडणेही जास्त, असे होऊ नये म्हणून आत्ताच लिहितो.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. गेल्या एप्रिलमध्ये भल्या पहाटे काठीला आकडा बांधून मी अकरा आंबे पाडले. सगळे कोवळे. गवतात घातले तर पिकायचे सोडून सुरकुतले, शेवटी बायकोने त्यांचे लोणचे घातले. ते आंबे तयार नाहीत हे मला झाडाखाली उभा असतानाही दिसत होते. तरी पाडले, कारण मी नाही काढले तर दुसरा कोणीतरी काढणार, ही धास्ती. तुमच्यातल्या चार-पाच जणांशी बोललो, त्यांचेही हेच. म्हणजे बाजारात हंगामाच्या सुरुवातीला ज्या मानकुरादच्या डझनाला हजारांत भाव सांगतात, तो आपल्या दारात असून आपण एकमेकांच्या भीतीने आंबटच खातो. आपला वाटा कुठे जात नाही अशी खात्री असेल, तर फळ झाडावर राहील. माझे म्हणणे एवढेच आहे.

त्यासाठी असे सुचवतो. देठाजवळचे खांदे भरेपर्यंत आणि पहिला पाड पडेपर्यंत कोणी काठी लावू नये. मग माणूस बोलावून झेल्याने, देठ ठेवून आंबे उतरवावेत. देठ मोडला की चीक सालीवर उतरतो आणि फळ तिथूनच कुजते. सगळे फळ एकदम तयार होत नाही, त्यामुळे दोन खेपा लागतील. मात्र दुसरी खेप पावसाच्या आत उरकायलाच हवी, नंतर आत अळ्या निघतात. मी विचारले तो माणूस दोन्ही खेपांचे मिळून दीड हजार मागतो. राहत्या १९ घरांत वाटले तर घरटी ८० रुपयेही होत नाहीत.

वाटणी फ्लॅटच्या चौरस फुटांवर नको, घरावर व्हावी. बाजारात सुंगटांचे वाटे लावतात तसे लहान-मोठे मिसळून वाटे घालावेत आणि चिठ्ठ्या मुलांकडून उचलून घ्याव्यात. भाड्याने राहणाऱ्या घरांचा वाटा भाडेकरूंचा, मालकाचा नव्हे. बंद असलेल्या तीन फ्लॅटांचा वाटा ठेवू नये. आंबे काही मेंटेनन्सचे बिल नव्हेत की मुंबईला कुरिअर करावे! वॉचमन आणि झाडूवाल्या बाय यांना एकेक पुरा वाटा द्यावा. वर्षभर ती पाने तेच गोळा करतात. असे २१ वाटे झाले.

तळमजल्यावरच्या काकूंचा प्रश्न वेगळा आहे. पडलेले आंबे त्या उचलतात म्हणून त्यांना बरेच बोल लावले गेले. पण फांदी त्यांच्या बाल्कनीवर आहे, मुंग्या त्यांच्या घरात शिरतात, आणि गेल्या वर्षी मुलांचा दगड लागून काच फुटली तीही त्यांच्याच खिडकीची. त्यांच्या बाल्कनीत पडेल ते त्यांचे, शिवाय वाटाही पूर्ण. आवारात आपोआप पडलेला आंबा ज्याला सापडेल त्याचा. त्याचा हिशेब ठेवायला बसलो तर हसे होईल.

तोरांचेही ठरवून टाकू. चेपणीसाठी ज्यांना हवीत त्यांनी या आठवड्यातच, एका संध्याकाळी सगळ्यांसमक्ष खालच्या फांदीवरून काढावीत. त्यानंतर ती फांदीही बंद.

देवळाच्या झाडांची पावणी होते तशी आपणही करावी आणि पैसे फंडात घालावेत, अशी एक सूचना आली आहे. सूचना प्रामाणिक आहे, पण मला पटत नाही. त्या पैशांत पाण्याच्या टाकीचे एक झाकणही धड येणार नाही. आणि पावणी घेणारा त्याच दिवशी कच्चे-पक्के सगळे उतरवून नेईल.

शेंड्यावरचे आंबे मात्र काढायचा हट्ट नको. ते पोपटांना आणि वटवाघळांना जातात, तसे जाऊ द्यावेत. तेवढ्यासाठी कोणाला बारीक फांदीवर चढवणे बरे नाही.

रविवारी सकाळी १० वाजता झाडाखालीच भेटू. कोणाचा विरोध असेल तर तोंडावर सांगावा, मी रागावणार नाही. त्या दिवशी येता येत नसेल तर माझ्या दारात चिठ्ठी सरकवावी.

आपला शेजारी,
बी विंग, तिसरा मजला

ता. क. : आकडा बांधलेली ती काठी वॉचमनच्या खोलीत ठेवून आलो आहे. इतरांच्याही काठ्या तिथे आल्या तर बरे, जागा भरपूर आहे.