दहावी गणित भाग १ | वर्गसमीकरणे पूर्ण धडा एकाच लेक्चरमध्ये | चिन्हाच्या चुका आणि शाब्दिक उदाहरणं | विद्यार्थी + पालक दोघांसाठी

नमस्कार पोरांनो, आणि पालकहो तुम्ही पण थांबा, शेवटी तुमच्यासाठी बोललोय.

बीजगणिताचा पेपर ४० मार्कांचा आणि वेळ २ तास, त्यात वर्गसमीकरणांना घाबरून पोरं तो धडाच ऑप्शनला टाकतात, हे अजिबात करू नका, कारण सहा धड्यांच्या पुस्तकात हा सोडला तर बाकीचं ऑप्शनला सोडायला काही उरतच नाही. आपल्या अमळनेरच्या क्लासमध्ये वह्या तपासताना मला दिसतं की सूत्र सगळ्यांना पाठ असतं, मार्क जातात ते चिन्हात.

हेच बघा, 2x² − 5x − 3 = 0. इथे a = 2, b = −5, c = −3. आता b² − 4ac काढताना अर्धा वर्ग २५ − २४ = १ लिहून मोकळा होतो. अरे भो, c उणे आहे ना! म्हणजे २५ + २४ = ४९, वर्गमूळ ७, आणि उत्तरं ३ आणि −१/२. किंमती कंसात लिहायची सवय लावा, (−5)² − 4(2)(−3) असं, मग चुकतच नाही. लेक्चरमध्ये ही एकच गोष्ट मी तीनदा सांगितलीय, कंटाळा आला तरी पळवू नका.

शाब्दिक उदाहरण आपल्याकडचंच घेतलंय. केळीच्या बागेत जितक्या रांगा आहेत त्यापेक्षा ५ जास्त खोडं प्रत्येक रांगेत, एकूण खोडं ३००, तर रांगा किती? x(x + 5) = 300, म्हणजे x² + 5x − 300 = 0, अवयव (x + 20)(x − 15). x = −20 येतं ते नुसतं खोडू नका, "रांगांची संख्या ऋण असू शकत नाही" हे वाक्य लिहा मग x = 15 घ्या. पायऱ्यांना मार्क असतात, नुसत्या उत्तराला नाही.

अवयव पद्धत, पूर्ण वर्ग पद्धत, सूत्र पद्धत तिन्ही घेतल्यात. कृतीचे प्रश्न, म्हणजे ते चौकटी भरायचे, सोपे असतात पण घाईत चुकतात, म्हणून दोन सोडवून दाखवलेत. वही-पेन घेऊनच बसा, झोपून बघायचं लेक्चर नाही हे.

आता पालकांसाठी. कापूस वेचणीच्या दिवसात पोरगं शेतात येतं, त्यात काही वाईट नाही, पण संध्याकाळचा एक तास त्याचा ठेवा. घरात एकच मोबाईल असेल तर लेक्चर संपेपर्यंत त्याच्याकडे राहू द्या, फोन आला तर नंतर लावा. "किती मार्क पडतील" हे रोज विचारू नका, त्याऐवजी आज सोडवलेलं पान दाखव म्हणा. गणित आलं नाही तरी चालेल हो ताई, पान कोरं आहे की भरलंय एवढं तर दिसतंच.

सरावाची १० उदाहरणं शेवटच्या पाच मिनिटात फळ्यावर आहेत, उतरवून घ्या. अडलं तर कमेंटमध्ये उदाहरण पूर्ण टाका, "सर समजलं नाही" एवढंच लिहू नका. पुढचा धडा अंकगणिती श्रेढी, रविवारी संध्याकाळी ७ ला.