अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक: सहावीची बहुपर्यायी चाचणी, उत्तरे आणि चुकांचा खुलासा

केंद्रातल्या सहावीच्या सर्व गणित शिक्षकांसाठी

गेल्या शिक्षण परिषदेत ठरल्याप्रमाणे ‘रिकाम्या जागा भरा’च्या कार्यपत्रिकेची बहुपर्यायी चाचणी करून पाठवत आहे. कार्यपत्रिकेत १२ रिकाम्या जागा होत्या. त्यातल्या १० इथे घेतल्या. ‘३/४ वजा १/२ होईल असे एक शाब्दिक उदाहरण तयार करा’ आणि त्याच्यासारखी दुसरी जागा, या दोन मुद्दाम वगळल्या. त्या मुलांनी स्वतः लिहायच्याच आहेत. पर्याय दिले की त्यातली मजा आणि कस दोन्ही जातात.

चुकीचे पर्याय मी मनाने घातलेले नाहीत. माझ्या वर्गाच्या ३१ कार्यपत्रिका समोर ठेवल्या, प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर ‘हे कसं आलं असेल?’ असं लिहीत गेले आणि जिथे कळलं नाही तिथे मुलाला बोलावून विचारलं. म्हणून पाचव्या प्रश्नाला तीनच पर्याय आहेत. चौथा बसवायचा तर कुणीच न केलेली चूक शोधावी लागली असती. ‘वरीलपैकी नाही’ हा पर्याय कुठेच नाही. तो निवडलेल्या मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे आपल्याला काहीच कळत नाही.

पुढचा भाग मुलांना द्यायचा आहे. तेवढाच झेरॉक्स करावा.

इयत्ता सहावी, गणित
घटक: अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक
वेळ: ३० मिनिटे, गुण: १०

सूचना: प्रत्येक प्रश्नाचे एकच उत्तर बरोबर आहे. त्याच्या अक्षराभोवती गोल करा. कच्चे काम प्रश्नाशेजारीच करा आणि ते खोडू नका. चुकीच्या उत्तराला गुण वजा होणार नाहीत.

१. १/२ + १/३ = किती?
अ) २/५  ब) १/६  क) ५/६  ड) २/६

२. ४/६ आणि ६/९ यांच्याबद्दल कोणते विधान बरोबर आहे?
अ) ६/९ मोठा आहे
ब) दोन्ही समान आहेत
क) ४/६ मोठा आहे
ड) छेद वेगळे असल्याने तुलना करता येत नाही

३. २ पूर्णांक १/३ हा अंशाधिक अपूर्णांकात कसा लिहाल?
अ) २१/३  ब) ५/३  क) २/३  ड) ७/३

४. १० चे ३/५ म्हणजे किती?
अ) ६  ब) ३०  क) ३०/५०  ड) २

५. ४ ÷ १/२ = किती?
अ) २  ब) १/८  क) ८

६. चढता क्रम कोणता?
अ) ०.५, ०.३६, ०.७२८
ब) ०.३६, ०.५, ०.७२८
क) ०.७२८, ०.३६, ०.५
ड) ०.७२८, ०.५, ०.३६

७. ०.३ × ०.२ = किती?
अ) ०.६  ब) ०.५  क) ६  ड) ०.०६

८. ३.७ + १२ = किती?
अ) १५.७  ब) ४.९  क) ३.१९  ड) ४९

९. ५ किमी ४० मी म्हणजे किती किमी?
अ) ५.४  ब) ५०४०  क) ५.००४  ड) ५.०४

१०. ७/१०० हा दशांश अपूर्णांकात कसा लिहाल?
अ) ०.७  ब) ०.०७  क) ७.१००  ड) ०.००७

फक्त शिक्षकांसाठी

उत्तरे: १-क, २-ब, ३-ड, ४-अ, ५-क, ६-ब, ७-ड, ८-अ, ९-ड, १०-ब

प्रश्न १. ‘अ’ निवडणाऱ्या मुलाने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. ‘ड’ निवडणाऱ्याने छेद ६ केला, पण अंश होते तसेच ठेवून मिळवले. ‘ब’वाल्याने सरळ गुणाकार केला. ‘अ’ आणि ‘ड’ या दोघांना आपण एकाच रांगेत बसवून ‘बेरीज कच्ची’ असा शेरा मारतो, आणि तिथेच चुकतं. ‘ड’वाला निम्म्या वाटेवर आहे. अंशालाही त्याच संख्येने गुणायचं, एवढं सांगितलं की त्याचं काम होतं. ‘अ’वाल्याला मुळात अपूर्णांक ही एक संख्या वाटतच नाही, एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या वाटतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने २/५ लिहिलं होतं. तिला समच्छेद वगैरे काही सांगितलं नाही. कागदाची एक भाकरी कापून अर्धी तिच्या हातात दिली, मग वर एक तृतीयांश ठेवली आणि विचारलं, ‘आता तुझ्याकडे अर्धीपेक्षा जास्त आहे की कमी?’ ती म्हणाली, ‘जास्त.’ मग पाच सारखे भाग केलेली दुसरी कागदी भाकरी दाखवली आणि त्यातले दोन उचलायला सांगितले. ते अर्ध्या भाकरीवर ठेवले तर अर्धीलाही पुरेनात. ती बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘बाई, मिळवून कमी कसं झालं?’ त्यानंतर समच्छेद शिकवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

प्रश्न २. मूळ कार्यपत्रिकेत इथे ५/६ आणि ७/८ होते, ते मी बदलले. पर्याय लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की ७ आणि ८ हे आकडे मोठे, म्हणून ७/८ मोठा, असा विचार करणारं मूलही तिथे पूर्ण गुण मिळवतं. चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर येत असेल तर तो प्रश्न आपल्याला काही सांगत नाही. ४/६ आणि ६/९ घेतले की प्रत्येक चुकीची वाट वेगळ्या दारातून बाहेर पडते. ‘आकडे मोठे तर अपूर्णांक मोठा’ म्हणणारा ‘अ’वर जातो. ‘छेद लहान तर अपूर्णांक मोठा’ हा अर्धवट पाठ केलेला नियम ‘क’वर नेतो. तो नियम अंश सारखे असतानाच चालतो, हे मुलं विसरतात. पूर्ण व्हायला किती भाग कमी आहेत, हे मोजणारेही (इकडे २, तिकडे ३) ‘क’वरच येतात, त्यामुळे इथे कच्चं काम बघावं लागेल. ‘ड’ हे वाक्य माझ्या वर्गातून जसंच्या तसं घेतलं आहे. ‘छेद सारखे केल्याशिवाय तुलना करायची नाही’ असं आपणच वारंवार सांगतो, त्यातून ते जन्मलं.

प्रश्न ३. ‘अ’ म्हणजे २ आणि १ शेजारी लिहून २१ केले. ‘ब’मध्ये गुणाकार आणि बेरीज दोन्ही आहेत, पण जागा उलट: २ ला अंशाने गुणून छेद मिळवला. ‘क’मध्ये २ पूर्णांक १/३ ला २ गुणिले १/३ समजलं. ‘ब’वाल्यांना रीत पाठ आहे, अर्थ माहीत नाही. दोन अख्ख्या भाकऱ्यांचे तृतीयांश तुकडे मोजायला लावावेत.

प्रश्न ४. ‘ब’वाल्याने ३ ने गुणलं, पण ५ ने भागायचं राहिलं. ‘ड’वाला ५ ने भागून थांबला. ‘क’ महत्त्वाचा. सममूल्य अपूर्णांक शिकताना ‘वर-खाली त्याच संख्येने गुणा’ ही सवय लागते, ती इथे घुसते. ३०/५० म्हणजे पुन्हा ३/५च, हे मुलाकडूनच संक्षेप करवून काढून घ्यावं.

प्रश्न ५. ‘अ’ म्हणजे ४ चे अर्धे. ‘ब’वाल्याने गुणाकार व्यस्त घेताना दुसऱ्याऐवजी पहिली संख्या उलटी केली, १/४ × १/२. हेच गणित ‘४ लिटर दूध, अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या?’ असं विचारलं तर ‘अ’वाली बरीच मुलं पटकन ८ म्हणतात. म्हणून चाचणीत ते कोरडंच ठेवलं आहे. दुधाचा प्रश्न चाचणीनंतर तोंडी विचारावा आणि मग दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी लिहावीत.

प्रश्न ६. इथेही मूळ आकडे बदलले. आधी ०.६, ०.४५, ०.३०८ असे होते. त्यात ‘जितके जास्त अंक तितकी संख्या लहान’ असं मानणारी मुलं बरोबर ठरत होती. आता ‘अ’ म्हणजे दशांश चिन्ह न पाहता ५, ३६, ७२८ असं वाचणं. ‘क’ म्हणजे अंक जास्त तर संख्या लहान, हा समज. हजारांश हा भाग बारीक, म्हणून अख्खी संख्याच बारीक, असं त्यामागचं गणित. ‘ड’वाल्याला सगळं येतं, त्याने फक्त चढता शब्द उतरता वाचला. त्याला तुलना पुन्हा शिकवू नये, शब्दाखाली रेघ मारायला सांगावी. संख्या वाचताना ‘शून्य पॉइंट छत्तीस’ म्हणणं आपण सगळ्यांनीच थांबवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘शून्य पूर्णांक तीन सहा’ असं वाचलं तर ‘अ’वाल्या चुकीला अर्धं खतपाणी बंद होईल.

प्रश्न ७. ‘अ’ ही बेरजेची सवय: चिन्हाखाली चिन्ह, उत्तरातही तिथेच. ‘ब’ सरळ बेरीज. ‘क’मध्ये चिन्ह द्यायचं राहिलं.

प्रश्न ८. ‘ब’ आणि ‘ड’ यांचं मूळ एकच आहे. दोघांनीही १२ उजवीकडे सरकवून ३७ खाली लिहिले, एकाने चिन्ह दिलं, दुसऱ्याने दिलं नाही. ‘क’वाल्याने १२ चिन्हानंतरच्या ७ मध्ये मिळवले. तिघांनाही १२ हे १२.० लिहायला लावलं की पुरतं.

प्रश्न ९. ‘अ’ हे रुपये-पैशांवरून येतं. ५ रुपये ४० पैसे म्हणजे ५.४० रुपये, मग किलोमीटरलाही तेच. ‘ब’वाल्याने मीटर अगदी बरोबर केले, पण विचारलं होतं किलोमीटरमध्ये. ‘क’वाल्याने ४० चे शून्य सोडून ४ भागिले १००० केलं.

प्रश्न १०. ‘अ’ म्हणजे शतांश आणि दशांश यांची गल्लत. ‘क’मध्ये अपूर्णांकाच्या रेघेच्या जागी दशांश चिन्ह आलं. ‘ड’ फार बोलकं आहे: ‘१०० मध्ये दोन शून्यं, म्हणून चिन्हानंतर दोन शून्यं.’ या मुलाला ३५/१०० लिहायला सांगा. ०.००३५ आलं तर चूक पक्की रुजली आहे. ०.३५ आलं तर त्याच्याच दोन उत्तरांतला विरोध त्याला दाखवून द्या.

तपासताना गुणांची बेरीज नंतर करावी. आधी प्रत्येक प्रश्नाखाली अ, ब, क, ड असे रकाने आखून किती मुलं कुठे गेली, त्याच्या रेघा माराव्यात. एखाद्या पर्यायाकडे कुणीच गेलं नसेल तर तसं मला कळवा, पुढच्या वेळी तो काढून टाकू. आणि तुमच्या वर्गातल्या कच्च्या कामात यात नसलेली एखादी चूक दिसली तर तिचा फोटो नक्की पाठवा. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी चाचणीची दुसरी प्रत तयार करायला बसणार आहे, तोवर आले तर ते पर्याय त्यात घेता येतील.