आईच्या शस्त्रक्रियेसाठी अर्जित रजेचा अर्ज

दिनांक : 30 जून 2026

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, तासगाव, जि. सांगली

विषय : दि. 6 जुलै ते 14 ऑगस्ट 2026 या कालावधीत 40 दिवसांची अर्जित रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्या कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत महसूल सहाय्यक म्हणून कार्यरत आहे. माझी आई, वय 74, रविवारी कवठे एकंद येथील घरी ओल्या फरशीवरून घसरून पडली व तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. तिला मिरज येथील रुग्णालयात दाखल केले असून गुरुवार, दि. 2 जुलै रोजी खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे.

शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरून तिला लवकरच उभे करतील. तथापि पुढील सहा आठवडे तिने मांडी घालू नये, खाली वाकू नये, झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी असावी आणि उठता-बसता कोणीतरी आधार द्यावा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. वडील हयात नाहीत. पुण्याला नोकरीस असलेल्या धाकट्या भावास रविवारपर्यंतच रजा मिळाली आहे आणि माझ्या पत्नीला आईचा भार एकटीने पेलवत नाही. जन्मभर शेतात राबलेली आई आता कूस बदलायलाही माझा हात शोधते, अशा वेळी तिला परक्या माणसावर सोपवणे मला शक्य नाही.

म्हणून महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 अन्वये वरील कालावधीची अर्जित रजा मंजूर व्हावी, तसेच रजेच्या आधीच्या दि. 4 व 5 जुलै आणि नंतरच्या दि. 15 व 16 ऑगस्ट या सुट्ट्या जोडून घेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. माझ्या खात्यावर पुरेशी अर्जित रजा शिल्लक आहे. मी सोमवार, दि. 17 ऑगस्ट रोजी कामावर हजर होईन.

शाखेतील कामाची मला काळजी आहे, कारण तिथे येणारे बहुतेक अर्जदार वयस्कर किंवा दिव्यांग असून त्यांना पुन्हा हेलपाटा घालायला लावणे बरे नव्हे. छाननी झालेले अर्ज समितीच्या बैठकीसाठी गावनिहाय लावून ठेवले आहेत. त्रुटीच्या अर्जांवर कोणता कागद बाकी आहे व अर्जदारास काय कळवले आहे, हे प्रत्येक प्रकरणावर लिहून ठेवले आहे. शेजारच्या टेबलाचे सहकारी कार्यभार घेण्यास तयार असून, आपली मान्यता मिळाल्यास शुक्रवारी सायंकाळपर्यंत तो रीतसर त्यांच्याकडे सोपवीन. एखाद्या प्रकरणात अडचण आल्यास मला केव्हाही दूरध्वनी करावा. दुपारी आई झोपते, तेव्हा मी निवांत बोलू शकेन.

शस्त्रक्रियेबाबतचे वैद्यकीय प्रमाणपत्र व रजेचा विहित नमुना सोबत जोडला आहे. रजाकाळात मी प्रथम मिरज येथे व आईला घरी सोडल्यावर कवठे एकंद येथे राहीन.

आपला विश्वासू,
सु. मा. जाधव
महसूल सहाय्यक, तहसील कार्यालय, तासगाव